पंप क्रमांक सहा, रोखलेले शंभर पौंड आणि खरे बिल

ब्रिटनमध्ये पेट्रोल स्टेशनवर गाडी थांबवली, तर "किती टाकू?" असे विचारत कुणी पुढे येत नाही. ड्रायव्हर स्वतः उतरतो, नोझल उचलतो, टाकी भरतो, नोझल परत जागेवर ठेवतो आणि मग दुकानात जाऊन काउंटरवर सांगतो, "पंप सहा." काउंटरवरच्या पडद्यावर सहा क्रमांकापुढे रक्कम दिसत असते. ती भरली की तो निघायला मोकळा. अनेक वर्षे तिथली रीत हीच होती आणि आजही पुष्कळ जण असेच पैसे भरतात.

फोनमधल्या ॲपने यातली दुकानापर्यंतची फेरी वाचवली. गाडीत बसूनच पंपाचा क्रमांक निवडायचा, खाली उतरून पेट्रोल भरायचे आणि निघायचे. पावती फोनवर येते. शेल कंपनीने पेपालच्या मदतीने २०१५ साली तिथे अशी सोय सुरू केली, त्यानंतर इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. लंडन, रेडिंग, लेस्टर या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याची सवय झाली आहे. इथून त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना मात्र ते कोड्यासारखे वाटते. किती पेट्रोल लागणार हे आधी कुणालाच ठाऊक नसताना पैसे कसे घेतले जातात, आणि आधी एक रक्कम दिसून नंतर दुसरीच का दिसते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की सगळी व्यवस्था समजते.

(आपण एरवी अख्ख्या जागेलाच पेट्रोल पंप म्हणतो. इथे मात्र जागेला स्टेशन आणि पेट्रोल सोडणाऱ्या एकेका यंत्राला पंप म्हटले आहे.)

फोन गाडीतच का वापरायचा?

उघड्या टाकीपाशी आणि नोझलच्या आसपास पेट्रोलची वाफ असते. साधा फोन अशा वाफेत वापरण्यासाठी तपासून प्रमाणित केलेला नसतो. म्हणून ॲपची पहिली सूचना असते: इंजिन बंद करा, दरवाजा बंद ठेवा, आत बसूनच पंप निवडा आणि फोन गाडीतच ठेवून खाली उतरा.

फोनमुळे भडका उडतो ही भीती जुनी आहे, पण खरा धोका वेगळ्याच गोष्टीत आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेक घटनांच्या मुळाशी अंगावर साठलेली स्थिर वीज आढळली. पेट्रोल वाहत असताना माणूस गाडीत जाऊन बसतो, सीटवर कपडे घासतात, बाहेर येऊन तो नोझलला हात लावतो आणि ठिणगी पडते. म्हणून नोझल टाकीत असताना "ॲपवर काय आले ते बघू" म्हणून आत डोकावू नये. टाकी भरून नोझल जागेवर गेले की मगच फोन पाहावा. मधल्या वेळात फोनची गरजही नसते, कारण पुढचे बोलणे पंप आणि बँक यांच्यात चालते.

स्टेशन ओळखणे आणि क्रमांक सांगणे

गाडी थांबली की ॲप फोनच्या जीपीएसवरून स्टेशन ओळखते. प्रत्येक स्टेशनाभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण आखलेले असते. फोन त्या कुंपणाच्या आत असेल तरच पैसे भरण्याचे बटण उघडते, म्हणजे घरी बसून भलत्या गावचा पंप सुरू करता येत नाही. मात्र वर लोखंडी छत असले की जीपीएस थोडे भरकटते. मोटरवेच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाची स्टेशने असतात, तिथे गोंधळाची शक्यता अधिक. एम-४ वरच्या रेडिंग सर्व्हिसेसचेच उदाहरण घ्या. लंडनकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी एक बाजू आणि लंडनहून येणाऱ्यांसाठी दुसरी. म्हणून पडद्यावरचे स्टेशनचे पूर्ण नाव वाचूनच पुढे जावे.

यानंतर येतो पंपाचा क्रमांक. संपूर्ण व्यवहारात माणसाने द्यायची महत्त्वाची माहिती एवढीच. एकाच यंत्राला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंचे क्रमांक वेगळे असतात, पाच आणि सहा असे. आपली गाडी ज्या बाजूला उभी आहे, त्या बाजूचा क्रमांक द्यायचा.

समजा, तुम्ही सहा निवडला. हा आकडा फोनमधून थेट पंपाकडे जात नाही. आधी तो तेल कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून स्टेशनच्या मागच्या खोलीतल्या नियंत्रक संगणकाकडे. स्टेशनचे सगळे पंप या नियंत्रकाला जोडलेले असतात. दुकानातला माणूस बटण दाबून पंप मोकळा करतो, तेव्हाही ती आज्ञा याच संगणकातून जाते. नियंत्रक तीन गोष्टी पाहतो: सहा क्रमांकाचे नोझल जागेवर आहे का, तो पंप दुसऱ्या कुणासाठी आधीच मोकळा केलेला आहे का, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचे बिल बाकी आहे का. तिन्ही ठीक असतील तर तो पंप तुमच्यासाठी राखून ठेवतो.

नवख्या माणसाची गडबड बहुधा इथेच होते. तो गाडीतून उतरतो, नोझल उचलतो आणि मग त्याला ॲप आठवते. पण नोझल उचलताच पंपाने दुकानातल्या पडद्यावर हाक दिलेली असते, आणि तिथल्या माणसाने पंप मोकळाही केलेला असतो. आता तो व्यवहार काउंटरच्या खात्यात गेला. ॲप म्हणते, पंप उपलब्ध नाही. एक थेंबही भरला नसेल तर नोझल परत ठेवून, थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करता येतो. पेट्रोल भरून झाले असेल तर सरळ दुकानात जाऊन पैसे द्यावेत.

बँकेचा होकार

पंप राखला गेला, पण तो अजून मोकळा झालेला नाही. कंपनीला पैशांची हमी हवी असते आणि किती पैसे हे कुणालाच माहीत नसते. म्हणून ॲप बँकेला विचारते, "या खात्यावर शंभर पौंडांपर्यंत खर्च चालेल का?" खात्यात तेवढे पैसे असतील तर बँक हो म्हणते आणि ती रक्कम रोखून ठेवते. यालाच प्री-ऑथरायझेशन म्हणतात. ही कमाल रक्कम कंपनीगणिक बदलते, पण ब्रिटनमध्ये ती बऱ्याच ठिकाणी शंभर पौंडांच्या आसपास असते.

रोखलेली रक्कम म्हणजे खर्च झालेली रक्कम नव्हे. पगार आल्यावर घरभाड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात काढून ठेवतो, तसे हे. पैसे घरातच असतात, फक्त दुसऱ्या कामाला वापरता येत नाहीत. माझी भाची रेडिंगला राहायला गेली तेव्हा तिचा घाबरलेला फोन आला होता. "मामा, चौतीस लिटर भरलं आणि बँकेच्या ॲपवर शंभर पौंड दिसतायत!" मी तिला त्या रकमेशेजारचा शब्द वाचायला सांगितला. तिथे "पेंडिंग" लिहिलेले होते. संध्याकाळी त्या जागी खरे बिल आले.

पूर्वी तिथल्या पंपांवर कार्ड लावले की बँकेला फक्त एका पौंडाची विचारणा होई. कार्ड चालू आहे एवढेच त्यातून कळे, खात्यात पैसे आहेत की नाही हे कळत नसे. परिणामी काही जण खात्यात असलेल्या रकमेपेक्षा जास्त पेट्रोल भरून बसत. म्हणून कार्ड कंपन्यांनी मोठी रक्कम रोखण्याची पद्धत आणली. त्याबरोबर एक अटही आली: पेट्रोल भरून होताच खरी रक्कम बँकेला लगेच कळवायची, म्हणजे उरलेले पैसे मोकळे होतील. ब्रिटनच्या २०१७ च्या पेमेंट सेवा नियमांनुसार अंतिम रक्कम माहीत नसलेल्या व्यवहारात, ग्राहकाने नेमक्या जेवढ्या रकमेला संमती दिली तेवढीच रोखता येते, आणि खरी रक्कम कळल्यावर बाकीची विनाविलंब सोडावी लागते. ॲपच्या पडद्यावर बारीक अक्षरांत कमाल रक्कम लिहिलेली असते ती यासाठीच. बटण दाबणे म्हणजे तिला संमती देणे.

बोटाचा ठसा, चेहरा किंवा बँकेच्या ॲपमधली मंजुरी ही ओळखही याच टप्प्यावर घेतली जाते. पेट्रोल टाकीत गेल्यावर "तुम्हीच का?" असे विचारून उपयोग नसतो. कार्डाचा खरा क्रमांक यात पंपापर्यंत पोहोचत नाही. ॲपकडे त्याच्या जागी एक टोकन असते, म्हणजे बँकेला कळणारा पर्यायी क्रमांक. तो दुसरीकडे वापरायचा म्हटला तर चालत नाही.

आता ज्यांच्या खात्यात मोजकेच पैसे असतात त्यांच्याविषयी. समजा, खात्यात साठच पौंड आहेत. काही बँका अशा वेळी नकार न देता साठ पौंडांपुरता होकार देतात आणि पंपाला तेवढीच मर्यादा घातली जाते. काही बँका सरळ नाही म्हणतात. पगाराच्या आधीच्या आठवड्यात ॲपऐवजी दुकानात जाऊन पैसे देणे तिथे अनेकांना बरे वाटते, कारण काउंटरवर भरल्या पेट्रोलचेच पैसे जातात, आगाऊ काही रोखले जात नाही.

पंपाचा हिशेब

बँकेचा होकार आला की सर्व्हर नियंत्रकाला सांगतो: पंप सहा मोकळा कर, मर्यादा शंभर पौंड. ॲपवर "आता भरा" असा संदेश येतो. इथून पुढे वेळ मोजला जातो. ठरलेल्या मुदतीत नोझल उचलले नाही तर परवानगी रद्द होते आणि रोखलेले पैसे सोडण्याचा निरोप बँकेला जातो. मुलांना सीटबेल्टमधून सोडवण्यात, पाकीट शोधण्यात वेळ गेला तर हे होते. मग पहिल्यापासून सुरुवात करायची.

उतरल्यावर नोझल उचलले की पंपाचे आकडे शून्यावर येतात. ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नोझल हिरवे आणि डिझेलचे काळे असते. शून्य दिसले म्हणजे पंपाला परवानगी मिळाली. आकडे बदललेच नाहीत, आधीच्या गिऱ्हाइकाची रक्कम तशीच दिसत राहिली, तर काहीतरी चुकले आहे असे समजून थांबावे.

पेट्रोल वाहू लागले की पंपातले मीटर फिरते आणि प्रत्येक फेऱ्याचे छोटे विद्युत ठोके तयार होतात. पंपातला संगणक ते मोजून लिटर काढतो आणि दराने गुणतो. ॲप वापरले म्हणून या मोजणीत काहीही बदलत नाही. मीटर तेच, आणि त्याला लागू असलेली कायदेशीर मर्यादाही तीच: अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी किंवा एका टक्क्यापेक्षा जास्त पेट्रोल निघता कामा नये. वीस लिटरमागे शंभर मिलिलिटर कमी हा झाला तळचा टोकाचा आकडा. रक्कम घातलेल्या मर्यादेजवळ आली तर पंप धार मंद करतो आणि नेमक्या आकड्यावर थांबतो. टाकी आधीच भरली तर नोझल स्वतःच बंद होते.

आता आपल्या उदाहरणातले आकडे घेऊ. दर समजा लिटरला १३९.९ पेन्स, आणि टाकीत ३४.२७ लिटर गेले. गुणाकार येतो ४७.९४३७ पौंड. पेन्सपुरते केले की पंपावर ४७.९४ पौंड दिसतात. या रकमेत वीस टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे तिचा सहावा भाग. तो ७.९९ पौंड आणि पावतीवर वेगळा दिसतो. कामानिमित्त गाडी चालवणाऱ्यांना हिशेबासाठी हीच पावती लागते आणि ती ॲपमध्ये साठून राहते.

शंभराचे सत्तेचाळीस कसे होतात

टाकी भरली म्हणून व्यवहार संपत नाही. नोझल जागेवर नीट बसले की तो संपतो. तिथे एक स्विच असतो. तो दाबला गेला की पंप हिशेब बंद करतो आणि नियंत्रकाला कळवतो: पंप सहा, अमुक प्रकारचे पेट्रोल, ३४.२७ लिटर, ४७.९४ पौंड. नोझल तिरके अडकले तर हा निरोप जात नाही आणि ॲप "भरणे सुरू आहे" असेच दाखवत राहते. पावती येत नसेल तर सगळ्यात आधी नोझलकडे पाहावे.

नियंत्रकाकडून आकडे सर्व्हरकडे जातात. सदस्यत्वाचे गुण, कूपन, सवलत हे याच टप्प्यावर धरले जाते. त्यामुळे दोन पौंडांचे कूपन असेल तर पंपावर ४७.९४ आणि पावतीवर ४५.९४ असे दोन आकडे दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात. अमेरिकेत याउलट अनेक ठिकाणी सवलत आधीच लागू होते. तिथे नोझल उचलण्यापूर्वी पंपावरचा दरच खाली येतो आणि पंप व पावती यांचे आकडे जुळतात. कुठली पद्धत आहे हे माहीत असले की फसवणुकीची शंका येत नाही.

शेवटी सर्व्हर बँकेला अंतिम रक्कम कळवतो. कूपन नसेल तर रोखलेल्या शंभरांतून ४७.९४ पौंड घेतले जातात आणि ५२.०६ पौंड मोकळे होतात. काही बँकांच्या खात्यात हा बदल काही मिनिटांत दिसतो, काहींच्या खात्यात दुसऱ्या दिवशी किंवा त्याहूनही उशिरा. हा उशीर बँक तो निरोप किती लवकर हाताळते यावर ठरतो. पंपाचा किंवा ॲपचा त्यात फारसा हात नसतो.

चुकते कुठे आणि कळते कसे

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेजारचा क्रमांक निवडणे. तुम्ही सहावर आहात आणि बोट पाचवर पडले, तर पाच क्रमांकाचा पंप तुमच्या खात्यावर मोकळा होतो. तिथला अनोळखी माणूस काहीच न कळता तुमच्या पैशांनी टाकी भरू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: ॲप "आता भरा" म्हणते, पण नोझल उचलूनही तुमचा पंप शून्यावर येत नाही. किंवा त्याहून फसवे म्हणजे, दुकानातल्या माणसाने तुमचा पंप मोकळा केल्यामुळे पेट्रोल येते, पण ॲपवर व्यवहार पुढे सरकत नाही. तसे दिसताच ॲपमध्ये रद्द करावे आणि काउंटरवर जाऊन सांगावे. तिथल्या पडद्यावर कुठल्या पंपाचे बिल कुणाकडे गेले हे दिसते. बरीच ॲप्स मोठ्या अक्षरांत क्रमांक दाखवून पुन्हा विचारतात. ते पान घाईत पुढे ढकलू नये.

दुसरी अडचण संपर्क तुटण्याची. पंप मोकळा झाल्यावर तुमच्या फोनचे नेटवर्क गेले तरी बिघडत नाही. पण स्टेशनचाच संपर्क तुटला तर पावती अडकते. अशा वेळी पावती आली नाही म्हणून तसेच निघून जाऊ नये. पैसे न देता निघून जाणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७८ च्या थेफ्ट ॲक्टखाली गुन्हा आहे. तो सिद्ध व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो, तरीही क्रमांकपट्टीवरून विचारणा होऊ शकते. काउंटरवर जाऊन "सहाचे बिल बाकी दिसते का?" एवढे विचारावे. दिसत असेल तर तिथे पैसे द्यावेत, आणि नंतर ॲपनेही रक्कम घेतली तर दोन्ही पावत्या दाखवून एक परत मागावी. म्हणून काउंटरवर दिलेल्या पैशांची छापील पावती जपून ठेवणे महत्त्वाचे.

आपल्याकडे काय वेगळे

महाराष्ट्रात पेट्रोल भरणारा माणूस समोर असतो, तोच शून्य दाखवतो, तोच रक्कम सांगतो आणि आपण यूपीआयने नेमके तेवढेच पैसे देतो. बिल आधी आणि पैसे नंतर, त्यामुळे रक्कम रोखून ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. भारत पेट्रोलियमच्या यूफिल सेवेत मात्र क्रम उलटा आहे. रक्कम आधी भरायची, तेवढ्याच रकमेचे पेट्रोल पंप सोडतो आणि न वापरलेली रक्कम परत मिळते. ब्रिटनच्या पद्धतीशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. इथे पैसे आधी खात्यातून जातात आणि उरलेले परत येतात, तिथे ते खात्यातच अडवून ठेवले जातात. अशी अडवणूक आपल्या व्यवस्थेलाही अनोळखी नाही. २०१८ साली आलेल्या यूपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत खात्यातली रक्कम राखून ठेवून नंतर ती वळती करण्याची सोय आहे, आणि शेअरबाजारातल्या आयपीओसाठी अर्ज करणाऱ्यांना ती परिचयाची आहे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी आणि इथेही ॲपने पेट्रोल भरणाऱ्यांनी तीन आकडे पाहण्याची सवय लावावी: बटण दाबण्यापूर्वी पंपाचा क्रमांक, भरण्यापूर्वी पंपावरचे शून्य आणि निघण्यापूर्वी पावतीवरची अंतिम रक्कम. बँकेच्या खात्यात त्या दिवशी शंभर दिसले तर शेजारी "पेंडिंग" लिहिले आहे का ते पाहा. आठवडाभरानंतरही ते शंभरच राहिले, तर ती पावती घेऊन बँकेला विचारा.